धागा: कापलेल्या पाइपच्या तोंडाच्या फोटोवरून पाइप कोणता ते ओळखता येईल का?

बाल्कनीतली_तुळस

रिसेलचा फ्लॅट घेतलाय, डोंबिवलीत. बाथरूमच्या टाइल्स काढल्या तर भिंतीत तीन प्रकारचे पाइप निघाले. मागच्या मालकांनी वेळोवेळी ठिगळं लावलेली दिसतायत. मिस्त्रीने तिन्ही पाइपांचे तुकडे कापून ठेवलेत. फोटो जोडलाय, शेजारी दहाचं नाणं ठेवलंय.

1 नंबर: लोखंडी दिसतो, आत तांबूस-काळे फोड आलेत. जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक राहिलंय.
2 नंबर: पांढरा की क्रीम, कळत नाही. साधं प्लास्टिकचं कडं. गीझरमधून निघणारी लाइन हीच आहे.
3 नंबर: बाहेरून पांढरा, आतही पांढरा, मधे कुठेकुठे चकचकीत रेघ. एका जागी रेघ दुहेरी झालीय. तडा गेलाय का?

सोसायटीचा प्लंबर 2 नंबरला यूपीव्हीसी म्हणतो, दुकानदार म्हणतो "सीपीव्हीसी असणार, ताई". जोड त्यालाच द्यायचाय, म्हणून विचारतेय. पाइपवर छापलेलं काही नाही, तुकडे तेवढे लांबच नाहीत.

टाकीवाला_तात्या

पूर्ण लाइन काढून नवीन टाका. जुन्यात जीव अडकवू नका. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, शेवटी प्रेशर पंप बसवला. तुमच्याकडे प्रेशर कसं आहे?

बाल्कनीतली_तुळस

तात्या, प्रेशर ठीक आहे. प्रश्न पाइप ओळखण्याचा आहे. पूर्ण लाइन काढायची तर स्वयंपाकघराचा ओटाही फोडावा लागेल.

अर्धा_इंची

2 नंबर यूपीव्हीसी आहे. कारण सांगतो.

सीपीव्हीसी क्रीम असतो, यूपीव्हीसी पांढराशुभ्र, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या फोटोत तो क्रीम दिसतोय खरा, पण खालची टाइलसुद्धा पिवळट दिसतेय. म्हणजे हा पिवळा बल्बचा उजेड आहे, पाइप मुळात पांढराच असणार. शिवाय मी नाण्यावरून मोजलं. दहाचं नाणं 27 मिमीचं. फोटोत पाइप जवळजवळ नाण्याएवढाच, म्हणजे साधारण 26.6 मिमी. पाऊण इंची यूपीव्हीसी बाहेरून 26.7 असतो आणि पाऊण इंची सीपीव्हीसी फक्त 22.2. विषय संपला. यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो गीझरला लावणाऱ्याला मात्र शोधून काढा.

सुमेधा_के

+1. व्वा, नाण्यावरून मोजायची आयडिया छान. मी कालच एका रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला होता.

मोजपट्टी

सुमेधाताई, रुपया नको. जुना रुपया 25 मिमीचा, नंतरचा 22 चा, आताचा 20 चा. फोटोत कुठला आहे ते कळलं नाही तर मोजमाप तिथेच बोंबललं. दहाचं नाणं मात्र पहिल्यापासून 27 मिमीचंच आहे.

अर्धा_इंची, उजेडाबद्दलचं तुमचं निरीक्षण एकदम बरोबर. या फोटोतल्या रंगावर काहीच ठरवता येणार नाही. पण त्यावरून पाइप पांढरा आहे हेही सिद्ध होत नाही, रंगाची साक्ष बाद झाली एवढंच. नाण्याचा हिशोब मात्र फसलाय.

तुळसताई, आधी दोन गोष्टी सांगा. 2 नंबरचा तुकडा केवढा लांब आहे? आणि तो जमिनीवर उभा ठेवून वरून फोटो काढलात ना?

बाल्कनीतली_तुळस

हो, उभा. तुकडा दोन इंचांचा असेल. नाणं शेजारी टाइलवर ठेवलं होतं. मोबाइल फूटभर उंचीवर धरला होता.

मोजपट्टी

मग झालं. नाणं मोबाइलपासून 30 सेंटिमीटरवर आहे, पाइपचं कापलेलं तोंड मात्र 25 वर. जवळची वस्तू मोठी दिसणारच. 30 भागिले 25, म्हणजे 1.2 पट. आता खऱ्या 22.2 मिमीच्या पाइपला 1.2 ने गुणा: 26.6. अर्धा_इंचींनी मोजलेला आकडा हाच आहे, मोजण्यात त्यांची काही चूक नाही. नेमका सीपीव्हीसीचा पाइप फुगून यूपीव्हीसीच्या मापाचा दिसला, हा योगायोग वाईट.

म्हणून मी आधी नाण्याकडे बघतच नाही. आधी कड्याची जाडी आणि बाहेरचा व्यास यांचं गुणोत्तर बघतो. फोटो लहान असो, मोठा असो, जवळून काढलेला असो की लांबून, ते बदलत नाही, कारण दोन्ही मापं एकाच तोंडावरची असतात.

तुमचा फोटो स्क्रीनवर मोठा करून मी पट्टी लावली. नाणं 62 मिमी आलं. 2 नंबरचा बाहेरचा व्यास 61, कड्याची जाडी साडेपाच. 61 भागिले साडेपाच, म्हणजे 11 च्या आसपास. सीपीव्हीसीचा एसडीआर 11 प्रकार म्हणतात तो हाच: जाडी व्यासाच्या अकराव्या हिश्श्याइतकी. पाऊण इंची यूपीव्हीसी शेड्यूल 40 असता तर जाडी 2.87, गुणोत्तर सव्वानऊ. स्क्रीनवर कडं साडेसहाच्या पुढे दिसलं असतं. शेड्यूल 80 तर जवळजवळ चार मिमी जाड, गुणोत्तर सातच्या आत. ते नुसत्या डोळ्यांनाही कळतं.

माझा कौल सीपीव्हीसी.

अर्धा_इंची

मान्य, नाणं खाली होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. पण साडेपाच आणि साडेसहा यात स्क्रीनवर एका मिलिमीटरचा फरक. हॅक्सॉने कापलेल्या तोंडाला काठावर बुरा लोंबत असतो, तोच अर्धा मिमी खाईल. एवढ्यावरून छातीठोक सांगता?

मोजपट्टी

छातीठोक नाही, म्हणून तर "कौल" म्हटलं. बुऱ्याचा मुद्दा रास्त आहे. पण बुऱ्याने कडं जाड दिसतं, पातळ नाही. म्हणजे खरं गुणोत्तर 11 पेक्षा जास्तच निघेल, सव्वानऊकडे सरकणार नाही. कडं चार ठिकाणी मोजलं, एका बाजूला थोडं जाड आहे, सरासरी घेतली. आणि तोंड किंचित तिरकं असल्याने लंबगोल दिसतंय, म्हणून सगळ्यात लांब व्यास घेतला आणि जाडीही त्याच रेषेवर मोजली. आडव्या व्यासावर मोजाल तर दोन्ही मापं दबलेली येतात आणि बुरा त्यात जास्त घोटाळा करतो.

पण फोटोवर भांडण्यापेक्षा ताईंच्या हातात तुकडा आहेच. ताई, वर्तमानपत्राची एक अरुंद पट्टी पाइपभोवती एकदा गुंडाळा, जिथे मिळते तिथे पेनाने खूण करा आणि उलगडून फूटपट्टीवर ठेवा. 70 मिमी आलं तर सीपीव्हीसी, 84 आलं तर यूपीव्हीसी. व्हर्नियर लागत नाही.

पाना_नं_14

मी प्लंबिंगची कामं करतो, ठाण्यात. पट्टीची गरज नाही. दुकानातून पाऊण इंची सीपीव्हीसीचा एल्बो आणा. पाइप हाताने अर्ध्यापर्यंत जाऊन मग अडकला तर सीपीव्हीसी. यूपीव्हीसी त्यात तोंडसुद्धा घालणार नाही. उलटं केलं, यूपीव्हीसीच्या एल्बोत सीपीव्हीसी टाकला, तर खडखड वाजतो. मग काही पोरं त्यात सोल्युशन भरभरून बसवतात. ते चार महिने टिकतं.

आणि 3 नंबरच्या दुसऱ्या टोकाला काय बसवलं होतं ते बघा. पितळेचं फिटिंग, वर नट आणि आत चिरलेली रिंग असेल तर तो कंपोझिट, म्हणजे दोन प्लास्टिकच्या मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला. डोळे झाकून.

रत्नांग्रीचा_पक्या

विषय निघालाच आहे तर माझं पण बघा. विहिरीपासून घरापर्यंत काळा पाइप आलाय, कापल्यावर आतबाहेर काळाच, फक्त बाहेरच्या काठावर निळे ठिपके दिसतात. ही बुरशी का?

मोजपट्टी

पक्याशेठ, बुरशी नव्हे. तो एचडीपीई. बाहेरून बघितलात तर लांबच्या लांब निळ्या रेघा दिसतील. त्या रंगवलेल्या नसतात, पाइप ओततानाच काळ्याच्या अंगात निळं प्लास्टिक जातं. म्हणून कापल्यावर काठाला ठिपके.

बाल्कनीतली_तुळस

पट्टी गुंडाळली. 70! एकदा 70, एकदा साडेएकोणसत्तर. मोजपट्टी, साष्टांग नमस्कार.

3 नंबरच्या टोकाला पितळेचं होतं, हो. मिस्त्रीने ते भंगारात टाकायला बाजूला ठेवलंय.

अर्धा_इंची

हरलो. तरी एक शंका आहे. 3 नंबर पीपीआर नसेल कशावरून? तीन थरांचा पीपीआर येतो, मधे फायबर असतं. माझ्या मेव्हण्याकडे आहे, कापल्यावर असाच तीन कड्यांचा दिसतो.

मोजपट्टी

शंका चांगली आहे, फोटोत हे दोन खरंच गोंधळात टाकतात. पण फायबरचा थर रेघ नसतो, पट्टा असतो. कड्याच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा, वेगळ्या रंगाचा, मळकट, आणि त्याची कड बाजूच्या थरांत विरघळल्यासारखी. इथे आहे केसासारखी बारीक, धारदार, उजेड परतवणारी रेघ. ते ॲल्युमिनियम.

दुसरं, पुन्हा गुणोत्तर. 3 नंबरचा तुकडा ठेंगणा आहे, जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे इथे नाणं फारसं फसवत नाही. स्क्रीनवर व्यास साडेसत्तेचाळीस, कडं पावणेपाच: दहास एक. पीपीआरचं कडं जाडजूड असतं, गरम पाण्याचा 20 मिमीचा पाइप घेतला तर त्याचं कडं 2.8 किंवा 3.4 मिमी, म्हणजे गुणोत्तर सहा-सात. भोक लहान आणि भिंत मोठी, एखाद्या मेदूवड्यासारखं. तुमचा 3 नंबर तसा नाही. बाहेर 20, आत 16, म्हणजे कंपोझिटमधला 1620.

ॲल्युमिनियम असलेला पीपीआरही येतो. पण तिथेही भिंत जाडच असते, गुणोत्तर त्याला उघडं पाडतं.

बाल्कनीतली_तुळस

पण मग रेघ अख्ख्या कड्यात का दिसत नाही? अर्ध्या भागात गायबच आहे. आणि ती दुहेरी रेघ? मला रात्री झोप नाही त्यापायी.

मोजपट्टी

गायब झालेली नाही, झाकली गेलीय. हॅक्सॉचं पातं गरम होतं, पॉलिथिन मऊ, ते ॲल्युमिनियमवर लिंपलं जातं. कटरचं नवं ब्लेड घेऊन तोंडाची पातळशी चकती उतरवा, काकडीची काढतो तशी, आणि फोटो परत टाका. रेघ पूर्ण गोल दिसेल.

दुहेरी रेघेची काळजी नको. ॲल्युमिनियमची पट्टी नळीसारखी वळवून तिची एक कड दुसरीवर चढवतात आणि वेल्ड करतात. चढलेला भाग कापल्यावर दुहेरी दिसतो, दोन-तीन मिलिमीटरभर. काही पाइपांत कडा एकमेकींना टेकवून वेल्ड करतात, तिथे जोड सहसा दिसतच नाही. तुमचा पहिल्या जातीचा. तडा असता तर रेघ तुटलेली दिसली असती, दुहेरी नव्हे.

सुमेधा_के

मग हे पॉलिथिन आहे की पेक्स? आमच्या बिल्डरच्या माहितीपत्रकात पेक्स लिहिलं होतं आणि तो गरम पाण्याला चालतो म्हणे.

मोजपट्टी

फोटोवरून कुणीही सांगू शकणार नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही दिसायला सारखेच. त्यासाठी पाइपच्या पाठीवरचं छापील वाचावं लागतं. भिंतीत अजून आत गेलेला भाग असेल तर तिथे टॉर्च मारा, दर थोड्या अंतराने छापलेलं असतं. आयएस 15450 दिसलं तर तो पॉलिथिन-ॲल्युमिनियम-पॉलिथिन. सीपीव्हीसीवर आयएस 15778 असतं, पीपीआरवर आयएस 15801. चुन्याने माखलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा, ब्रशने घासू नका, शाई निघते.

टाकीवाला_तात्या

एवढं कशाला, तुकडा जाळून बघा. तांब्याची तार लाल करून पाइपला लावायची आणि परत ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत आली की पीव्हीसी. आम्ही कारखान्यात करायचो.

मोजपट्टी

तात्या, चाचणी खरी आहे, क्लोरीन असलं की ज्योत हिरवी होते. पण ते यूपीव्हीसीतही आहे आणि सीपीव्हीसीतही. भांडण नेमकं त्या दोघांतच होतं. वर धूर नाकातोंडात जाणार. पाण्याच्या बादलीत टाकून बघणं त्यापेक्षा सोपं: पीपीआर आणि एचडीपीई तरंगतात, दोन्ही पीव्हीसी बुडतात. कंपोझिटही ॲल्युमिनियममुळे सहसा बुडतो, म्हणून नुसतं बुडण्यावरून पीव्हीसी म्हणू नका.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे पाण्याच्या कंपन्यांना रस्त्यावरून घरात येणाऱ्या पाइपांची यादी करायला लावलीय, शिशाचे पाइप शोधण्यासाठी. फेडरल नियमाप्रमाणे पहिली यादी ऑक्टोबर 2024 पर्यंत द्यायची होती. आम्हालाही पत्र आलं, मीटरजवळच्या पाइपचा फोटो पाठवा म्हणून. नुसता फोटो बघून मला ते शिसं वाटलं, राखाडी होतं. मग किल्लीने खरवडून पुन्हा फोटो काढा म्हणाले, चुंबकही लावा. चुंबक टच्चकन चिकटलं, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंड. शिसं असतं तर खरवडल्यावर चांदीसारखं चकाकलं असतं, मऊ लागलं असतं आणि चुंबक घसरलं असतं. तांबं तर खरवडल्यावर लगेच कळतंच. मुद्दा हा की धातूचा न खरवडता काढलेला फोटो फारसा उपयोगाचा नाही.

तुमच्या 1 नंबरला चुंबक लावलंत का?

बाल्कनीतली_तुळस

फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट लावलं, घट्ट चिकटलं. 1 नंबर जीआय, ठरलं.

पाना_नं_14

जीआय हेच. बी क्लास का सी क्लास ते आता विचारू नका. आत एवढा गंज म्हटल्यावर भिंतीची जाडी मोजून काही अर्थ नाही. आट्यांपाशी तर ती कागदासारखी झालेली असणार. नवीन सॉकेट पिळायला गेलात तर आतला आटा तुटून हातात येईल. तो राइजरपर्यंत, म्हणजे इमारतीच्या उभ्या मुख्य पाइपपर्यंत काढाच.

मोजपट्टी

यांच्याशी सहमत. गंजलेल्या जीआयला माझं गुणोत्तर लागू होत नाही.

बाल्कनीतली_तुळस

3 नंबरची चकती उतरवून नवा फोटो टाकलाय. या वेळी मोबाइल लांबून धरून झूम केलं, आणि नाणं काडेपेटीवर ठेवून तोंडाच्या पातळीला आणलं. रेघ पूर्ण गोल आहे, दुहेरी भागही तुम्ही म्हणालात तसाच. पण आता नवीनच दिसतंय. रेघेच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला, एक काळी बारीक चंद्रकोर आहे. नखाचं टोक जात नाही, पण सुई जाते.

मोजपट्टी

हं. हा फोटो उत्तम आलाय, आणि नेमकं तेच दिसतंय जे दिसू नये अशी इच्छा होती. आतलं प्लास्टिक ॲल्युमिनियमपासून सुटलंय. पाणी टोकातून थरांमधे शिरलं की असं होतं, गरम पाण्याच्या लाइनला जास्त. पुढे आतली नळी आतल्या आत चिंबते आणि नळाची धार बारीक होते. बाहेरून पाइप ठणठणीत.

3 नंबर गरम लाइनवर होता का?

अर्धा_इंची

थांबा. कापतानाही सुटू शकतं ना? हॅक्सॉने आधी हलवाहलवी झाली, मग ब्लेड दाबलं. पाइप दाबला गेला की थर सुटतोच. यावरून अख्खी लाइन बाद ठरवणं म्हणजे नाण्याची माझीच चूक तुम्ही करताय.

मोजपट्टी

अगदी शक्य आहे. या एका चकतीवरून मी सांगू शकत नाही.

बाल्कनीतली_तुळस

गरम की थंड ते माहीत नाही, बेसिनकडे जात होता. बेसिनला दोन्ही लाइन्स होत्या.

पाना_नं_14

भिंतीत राहिलेला पाइप कापलेल्या टोकापासून वीतभर आत परत कापा. पाइप कटरने, हॅक्सॉने नको, आणि कटर हळूहळू फिरवत आवळत जा, एकदम दाबू नका. तिथेही चंद्रकोर असली तर आधीपासूनची. नसली तर कापताना झालेली. वीतभर लांबीचं नुकसान आहे, पण टाइल्स उघड्या आहेत तोवरच जमेल.

बाल्कनीतली_तुळस

टाइल्सवाला सोमवारी येतोय. उद्या सकाळी कटर आणते. 2 नंबरला सीपीव्हीसीचा कपलर आणि त्याचंच सोल्युशन आणलंय, पानावाल्यांनी सांगितलं तसं पाइप अर्ध्यावर जाऊन अडकला.

रत्नांग्रीचा_पक्या

मोजपट्टी, निळ्या रेघा मिळाल्या. पण दोन पाइपांपैकी एकाला रेघाच नाहीत, नुसताच काळा. तो कुठला?

मोजपट्टी

पक्याशेठ, तोंडाचा फोटो टाका. दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद, आणि नाणं जमिनीवर नको.